आठवड्याचा कांदाभाव: तीन आकडे कुठून येतात?

नाशिक जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत रोज एक छोटी चौकट असते. लासलगाव, उन्हाळ कांदा, आवक इतके क्विंटल, किमान इतके, कमाल इतके, सरासरी इतके. चाळीत कांदा भरून ठेवलेला शेतकरी सकाळी चहासोबत ती पाहतो आणि आज ट्रॅक्टर भरायचा की आणखी आठ दिवस थांबायचं, हे ठरवतो. पण एका दिवसाच्या भावावर निर्णय घेणं अवघड असतं. एखाद्या दिवशी पाऊस येतो, एखाद्या दिवशी आवक अचानक वाढते, शनिवारी निम्माच बाजार भरतो. म्हणून दिवसांचे आकडे एकत्र करून आठवड्याचा सरासरी, सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी भाव काढतात. शेतकरी कंपन्या, व्यापारी, बँकेचे कर्ज अधिकारी, सरकारी कचेऱ्या, सगळे पुढे हाच आठवड्याचा आकडा वापरतात. तो कसा तयार होतो आणि कुठे चुकतो, हे कांदा विकणाऱ्याला तरी माहीत असायलाच हवं, असं मला वाटतं.

सुरुवात बाजार आवारातून करू. लासलगावला कांदा मोकळा येतो, गोणीत नाही. ट्रॅक्टर आणि पिकअप ओळीने उभे राहतात. बाजार समितीचा माणूस वही घेऊन पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका त्याच्यासोबत, असा लिलाव एका वाहनावरून दुसऱ्या वाहनाकडे सरकतो. व्यापारी वरचा थर हाताने बाजूला सारून आतला कांदा काढतात, पत्ती पाहतात, दाबून पाहतात, आकार आणि रंग बघतात. मिनिटभरात बोली संपते. शेवटची बोली वहीत आणि पावतीवर चढते: शेतकऱ्याचं नाव, वाहन, घेणारा व्यापारी, क्विंटलचा भाव. एका वाहनाला एकच भाव. मग वाहन भुईकाट्यावर जातं, भरलेलं वजन होतं, व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा खाली होतो, रिकाम्या वाहनाचं वजन होतं आणि मग हिशोबपट्टी बनते.

म्हणजे भावाची नोंद आधी होते आणि वजनाची नंतर. सकाळच्या सत्रानंतर जी आवक सांगितली जाते ती बहुतेक वेळा वाहनांच्या संख्येवरून काढलेली असते. इतके ट्रॅक्टर, इतके पिकअप, प्रत्येकाला साधारण इतके क्विंटल, असा तो अंदाज. काट्यावरचं खरं वजन संध्याकाळपर्यंत जमतं. आठवड्याचा हिशेब करणाऱ्याने त्या दिवशी दुपारी प्रसिद्ध झालेली आवक उचलली असेल, तर दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पाहून घ्यावी लागते.

दिवसाच्या तीन भावांपैकी किमान आणि कमाल समजायला सोपे. दिवसभरात ज्या वाहनाला सर्वांत कमी भाव मिळाला तो किमान, ज्याला सर्वांत जास्त मिळाला तो कमाल. खरा प्रश्न तिसऱ्या आकड्याचा. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या तक्त्यात त्या स्तंभाला ‘सर्वसाधारण दर’ म्हणतात. केंद्र सरकारच्या २००० साली सुरू झालेल्या ॲगमार्कनेटवर त्याच जागी ‘मॉडल’ भाव असतो. वर्तमानपत्रं त्याला बिनदिक्कत ‘सरासरी’ लिहितात. पण तो भागाकार करून काढलेला आकडा नसतो. त्या दिवशी ज्या भावाच्या आसपास सर्वांत जास्त माल विकला गेला, तो भाव म्हणजे सर्वसाधारण दर.

हा फरक एका दिवसाच्या उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. सोमवारी १८,००० क्विंटल उन्हाळ कांदा आला. त्यातला ३,००० क्विंटल गोल्टी, खाद आणि खराब झालेला माल सरासरी ९५० रुपयांनी गेला. ४,००० क्विंटल मध्यम माल १,४०० च्या आसपास, ८,००० क्विंटल चांगला माल १,७०० च्या आसपास आणि ३,००० क्विंटल निवडक माल १,९५० च्या आसपास. सर्वांत मोठा ढीग १,७०० चा, म्हणून सर्वसाधारण दर १,७०० नोंदला गेला. पण सगळ्या मालाची एकूण किंमत २ कोटी ७९ लाख रुपये होते. तिला १८,००० ने भागलं की खरी सरासरी १,५५० येते. नोंदलेल्या आकड्यापेक्षा दीडशे रुपये कमी. यात कुणी फसवलेलं नाही. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. ‘चांगल्या, नेहमीच्या मालाला आज काय भाव होता?’ याचं उत्तर १,७००. ‘आज बाजारात आलेल्या क्विंटलमागे शेतकऱ्यांच्या नावावर किती रुपये लागले?’ याचं उत्तर १,५५०.

अडचण येते ती सर्वसाधारण दर असा ढीग मोजून न काढता घाईत लिहिला जातो तेव्हा. काही समित्यांच्या नोंदींत किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनाने भागलेला आकडाच सर्वसाधारण दर म्हणून दिसतो. किमान १,०००, कमाल २,०००, सर्वसाधारण १,५००. पणन मंडळाचा कोणत्याही दिवसाचा तक्ता उघडून खाली सरकत गेलात, तर अशा नोंदी सापडतात. आपल्या उदाहरणात किमान ७०० आणि कमाल २,१०० असेल, तर मधला आकडा १,४०० येईल. बाजारातला सर्वांत मोठा ढीग १,७०० ला विकला गेला असताना नोंद मात्र तीनशे रुपये खाली. ही सवय ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या बाजारपेठेचे पंधरा दिवसांचे आकडे घ्या. सर्वसाधारण दर दररोज अगदी मधोमध येत असेल, तर तो मोजलेला नाही. खऱ्या बाजारात तो कधी कमालकडे झुकतो, कधी किमानकडे. अशा बाजारपेठेचे आकडे आठवड्याच्या हिशेबात घेताना मी तरी ते वेगळे ठेवीन, इतर बाजारांच्या आकड्यांत मिसळणार नाही.

आता आठवडा उभा करू. सोमवार ते शनिवार, उन्हाळ कांदा, तेच समजण्यापुरते आकडे. शनिवारी एकच सत्र झालं असं धरू.

| वार | आवक (क्विंटल) | किमान | कमाल | सर्वसाधारण |
|---|---|---|---|---|
| सोमवार | १८,००० | ७०० | २,१०० | १,७०० |
| मंगळवार | १२,००० | ७०० | २,१५० | १,७५० |
| बुधवार | १०,००० | ८०० | २,२०० | १,८०० |
| गुरुवार | ९,००० | ८०० | २,३०१ | १,८५० |
| शुक्रवार | ११,००० | ७०० | २,२०० | १,८०० |
| शनिवार | ४,००० | ९०० | २,६५१ | २,००० |

बहुतेक जण पहिल्यांदा शेवटच्या स्तंभाची बेरीज करून सहाने भागतात. उत्तर येतं १,८१७. या पद्धतीत शनिवारचे ४,००० क्विंटल आणि सोमवारचे १८,००० क्विंटल यांना सारखाच मान मिळतो. भाव चढा असतो तो बहुधा आवक कमी असलेल्या दिवशी, त्यामुळे ही साधी सरासरी सहसा वरच्या बाजूला चुकते. योग्य पद्धत अशी की प्रत्येक दिवसाच्या दराला त्या दिवसाच्या आवकेने गुणायचं, सगळे गुणाकार एकत्र करायचे आणि आठवड्याच्या एकूण आवकेने भागायचं. आपल्या आठवड्यात गुणाकारांची बेरीज ११ कोटी ४० लाख ५० हजार आणि आवक ६४,००० क्विंटल. उत्तर १,७८२. म्हणजे ३५ रुपयांचा फरक. पस्तीस रुपये किरकोळ वाटतील, पण ६४,००० क्विंटलवर ते २२ लाखांच्या पुढे जातात. संगणकावर हा हिशेब एका ओळीत होतो. B स्तंभात आवक आणि C स्तंभात सर्वसाधारण दर असेल, तर सूत्र असं:

```
=SUMPRODUCT(B2:B7,C2:C7)/SUM(B2:B7)
```

एक दिवस बाजार बंद असेल तर? रविवारी लिलाव नसतात, सणावाराला नसतात, अमावस्येला कांदा लिलाव बंद ठेवण्याची जुनी प्रथा जिल्ह्यात होती, आणि हमाल किंवा व्यापाऱ्यांनी काम थांबवलं तरी बाजार बंदच राहतो. अशा दिवसाचा चौकोन रिकामा सोडायचा असतो. तिथे शून्य लिहिलं आणि साधी सरासरी काढली, तर बाजार बंद होता एवढ्याच कारणाने भाव कोसळल्यासारखा दिसतो. आपल्या आठवड्यातला शनिवार बंद धरून शून्य लिहिलं, तर सहाने भागून १,४८३ येतात. पाचने भागलं तर १,७८०. आवकेने गुणायच्या पद्धतीत ही चूक आपोआप टळते, कारण शून्य आवकेचा गुणाकारही शून्यच येतो आणि बेरजेत काही मिसळत नाही. तरीही आठवड्याच्या आकड्याशेजारी ‘बाजाराचे दिवस: ५’ असं लिहिणारा माणूस वाचणाऱ्याचं मोठं काम करतो.

आता कमाल भाव. आपल्या तक्त्यात आठवड्यातला सर्वांत वरचा आकडा २,६५१ आहे. पण काही ठिकाणी ‘आठवड्याचा कमाल भाव’ म्हणून रोजच्या कमाल भावांची सरासरी छापतात. ती येते २,२६७. दोन्हींवर शीर्षक एकच, फरक जवळजवळ चारशे रुपयांचा. दोन तक्ते शेजारी ठेवून तुलना करण्याआधी कोणी कोणती पद्धत वापरली, हे तपासलंच पाहिजे.

आणि २,६५१ हा भाव कितीसा खरा? तो एखाद्याच वाहनाला मिळाला असेल. एकसारखा, मोठा, पत्ती न सुटलेला कांदा आणि त्याच दिवशी तातडीने गाडी भरायची असलेला व्यापारी, असा योग जुळला की असा भाव लागतो. हंगामाच्या सुरुवातीला तर मुहूर्ताच्या लिलावाची पद्धत आहे. नव्या लाल कांद्याच्या पहिल्या वाहनाला मानाचा म्हणून बाजारभावापेक्षा कितीतरी चढा भाव बोलला जातो, शेतकऱ्याचा सत्कार होतो. हा आकडा तक्त्यात गेला, तर त्या आठवड्याचा कमाल भाव वाचून बाकीचे शेतकरी उगाच आशेने माल आणतात. म्हणून मी कमाल भाव कधी एकटा वाचत नाही. तो सर्वसाधारण दरापेक्षा किती वर आहे आणि आदल्या-नंतरच्या दिवशीचा कमाल त्याच्या आसपास आहे का, हे पाहतो. आपल्या तक्त्यात पाच दिवस कमाल भाव २,१०० ते २,३०१ मध्ये आहे आणि सहाव्या दिवशी, सर्वांत कमी आवक असताना, तो साडेतीनशेने उडी मारतो. त्या भावाने किती क्विंटल गेला हे रोजच्या प्रसिद्ध नोंदीत नसतंच, त्यामुळे ती उडी सगळ्या बाजाराची धरू नये.

किमान भावाचंही असंच आहे. तो बहुधा पिचका, कोंब आलेला, काजळी लागलेला किंवा अगदी बारीक कांदा असतो. पण किमान भाव सलग दोन-तीन आठवडे घसरत असेल आणि सर्वसाधारण दर तिथेच असेल, तर त्यातून एक गोष्ट कळते. चाळींमधला माल खराब व्हायला लागला आहे आणि लोक तो काढून बाजारात आणत आहेत. साठवलेल्या उन्हाळ कांद्याच्या बाबतीत पावसाळा सरताना हे पाहण्यासारखं असतं, कारण पुढे चांगला माल किती उरेल याचा अंदाज त्यावरून बांधता येतो.

आठवड्याच्या आकड्यांत सर्वांत मोठा घोळ होतो तो जातींची सरमिसळ केल्याने. मार्चच्या सुमाराला लाल कांदा संपत येतो आणि उन्हाळ कांदा सुरू होतो. समजा पहिल्या आठवड्यात ८,००० क्विंटल लाल कांदा १,१०० ने आणि २,००० क्विंटल उन्हाळ १,५०० ने गेला. दोन्ही मिळून सरासरी १,१८०. दुसऱ्या आठवड्यात दोन्हींचा भाव पन्नास रुपयांनी उतरला, पण लाल ४,००० क्विंटलच आला आणि उन्हाळ ६,०००. लाल १,०५० ने, उन्हाळ १,४५० ने. एकत्र सरासरी येते १,२९०. लाल विकणाऱ्याला पन्नास रुपये कमी मिळाले, उन्हाळ विकणाऱ्यालाही पन्नास कमी मिळाले आणि तक्ता सांगतो की कांदा ११० रुपयांनी वधारला. हिशेबात एकही चूक नाही, तरी निष्कर्ष पूर्ण उलटा. म्हणून ‘कांदा’ या एकाच नावाखाली आठवड्याची सरासरी काढू नये. पणन मंडळाच्या तक्त्यात लाल, उन्हाळी, पांढरा, पोळ, लोकल अशा वेगळ्या ओळी असतात, त्या वेगळ्याच ठेवाव्यात.

बाजारपेठांच्या नावांबाबतही तेवढंच सावध राहावं लागतं. लासलगाव समितीचे विंचूर आणि निफाड इथे उपबाजार आहेत आणि त्यांच्या नोंदी स्वतंत्र येतात. एका आठवड्यात फक्त मुख्य आवाराची आवक घेतली आणि पुढच्या आठवड्यात तिन्हींची, तर आवक एकदम फुगल्यासारखी दिसते. एककाचंही तसंच. नाशिककडे भाव क्विंटलचा बोलतात, पुणे-नारायणगाव भागात दहा किलोचा. १८० रुपये दहा किलो म्हणजे १,८०० रुपये क्विंटल. दहाने गुणायचं राहिलं, तर राज्याच्या तक्त्यात किमान भाव १८० दिसतो. पालेभाज्यांत तर जुड्यांचा शेकडा चालतो. म्हणूनच पणन मंडळाच्या तक्त्यात परिमाणाचा वेगळा स्तंभ असतो, आणि आठवड्याचा हिशेब मांडताना सगळ्यात आधी तोच पाहावा.

कधीकधी आठवडा मधूनच तुटतो. केंद्र सरकारने कांदा निर्यातबंदी लागू केली ती ८ डिसेंबर २०२३ ला. तो शुक्रवार होता. नाशिक जिल्ह्यात शेतकरी रस्त्यावर आले, अनेक ठिकाणी लिलाव बंद पडले आणि भाव खाली आले. त्या आठवड्याची सोमवार ते शनिवार अशी सरासरी काढली, तर तिच्यात बहुतेक भार बंदीच्या आधीच्या दिवसांचा असतो. आकडा ठीकठाक दिसतो आणि त्या शुक्रवारी काय घडलं त्याचा पत्ताच लागत नाही. अशा वेळी आठवडा दोन तुकड्यांत मांडणं आणि बाजाराचे दिवस लिहिणं हाच सरळ मार्ग आहे. वारांची चौकट आपण सोयीसाठी घातलेली असते, बाजार तिच्याप्रमाणे चालत नाही.

इथवर आपण सर्वसाधारण दरांची सरासरी काढत आलो. पण सोमवारच्या उदाहरणात दिसलं तसं, सर्वसाधारण दरच मुळात खऱ्या सरासरीपेक्षा दीडशे रुपये वर असू शकतो. मग खरी सरासरी काढायची कशी? त्यासाठी लागणारी माहिती समितीच्या दप्तरात आधीपासून असते. बाजार समिती मालाच्या विक्री किमतीवर टक्केवारीने बाजार फी घेते. फी आकारायची तर प्रत्येक हिशोबपट्टीवरची किंमत आणि वजन नोंदवावंच लागतं. म्हणजे दिवसाची एकूण उलाढाल आणि दिवसाचं काट्यावरचं एकूण वजन दोन्ही हातात असतात. एकाला दुसऱ्याने भागलं की क्विंटलमागची खरी सरासरी मिळते, त्यात गोल्टी आली, खाद आली, निवडक मालही आला. आठवड्याची उलाढाल भागिले आठवड्याचं वजन, एवढाच हिशेब. मला वाटतं, समित्यांनी रोजच्या तीन भावांसोबत उलाढालीचा आकडाही छापायला हवा. नवीन काही मोजायचं नाही, असलेलंच सांगायचं आहे. सर्वसाधारण दर आणि ही खरी सरासरी यांतलं अंतर वाढलं, की बाजारात हलका माल वाढतो आहे हेही त्यातून कळेल.

अर्थात उलाढालीच्या आकड्यालाही मर्यादा आहेत. लिलावात १,७५० ला गेलेलं वाहन खळ्यावर खाली होताना आतला कांदा ओला किंवा खराब निघाला असं सांगून व्यापारी भाव कमी करतो, ही तक्रार कांदा पट्ट्यात वर्षानुवर्षांची आहे. वहीत १,७५० राहतात, शेतकऱ्याच्या हातात १,६०० च्या हिशेबाने पैसे येतात. हिशोबपट्टी बदललेल्या भावाने झाली, तर निदान उलाढालीत ते दिसतं. तोंडी तडजोड झाली, तर कुठेच दिसत नाही. शिवाय हमाली, तोलाई, वाराई असे जे खर्च पट्टीतून कापले जातात, ते कोणत्याच भावाच्या तक्त्यात नसतात.

म्हणून आपल्या पट्टीची तुलना तक्त्याशी करायची असेल, तर ती नीट बेताने करावी. समजा गुरुवारी तुमचा कांदा १,४५० ला गेला. तो आठवड्याच्या १,७८२ शेजारी ठेवून हळहळण्याआधी गुरुवारचाच आकडा पाहा: किमान ८००, कमाल २,३०१, सर्वसाधारण १,८५०. तुम्ही त्या दिवसाच्या मोठ्या ढिगापेक्षा चारशे रुपये खाली विकलात. मग प्रश्न मालाचा. कांदा मध्यम, मिसळ असेल, तर १,४५० हा त्याचा भाव होता आणि निवड करून वेगवेगळं विकलं असतं तर काय मिळालं असतं याचा विचार पुढच्या खेपेला करता येईल. कांदा एकसारखा, चांगला असेल आणि तरी हा भाव मिळाला असेल, तर पावतीवरचा भाव आणि हिशोबपट्टीवरचा भाव एकच आहे का, हे आधी तपासा. तो वेगळा निघाला, तर दोन्ही कागद घेऊन समितीच्या कार्यालयात त्याच दिवशी जा. पावतीवर लिलावाचा भाव लिहिलेला असतो आणि तक्रारीसाठी तोच पुरावा आहे.